नफा ८२ लाख, बँकेत ३ लाख

प्रश्न: भोसरीला आमचं मशिनिंगचं युनिट आहे, प्रायव्हेट लिमिटेड. यंदा विक्री ८ कोटींवरून १२ कोटींवर गेली. सीए साहेबांनी कर वजा जाता ८२ लाख नफा काढलाय. पण ३१ मार्चला बँकेत ३ लाख होते, बँकेची २ कोटींची कॅश क्रेडिट, म्हणजे सीसी, पूर्ण वापरलेली होती, आणि मार्चचा पगार करायला मला भावाकडून उसने घ्यावे लागले. ताळेबंद आणि कॅश फ्लो स्टेटमेंट सोबत देतोय, पण त्यातून मला काही उमगत नाही. नफा गेला कुठे? आणि आणखी ३ कोटींचं काम ९० दिवसांच्या उधारीवर चालून आलंय, ते घ्यावं का?

उत्तर:

सीए साहेबांचा हिशेब बरोबर आहे, आणि कुणी पैसे खाल्लेलेही दिसत नाहीत. तुमचे पैसे ग्राहकांकडे उधारीत आणि तुमच्याच शॉपमधल्या रॅकवर मालात अडकलेत. किती कुठे अडकलेत ते कॅश फ्लो स्टेटमेंटमध्ये लिहिलेलं आहे, पण ज्या क्रमानं ते छापतात त्या क्रमानं वाचलं तर डोक्यात शिरत नाही. म्हणून आधी एकाच बिलाच्या मागे जाऊ.

समजा २८ मार्चला तुम्ही १० लाखांचं बिल केलं, वर १८ टक्क्यांनी १.८० लाख जीएसटी. टॅलीत त्याच दिवशी १० लाख विक्री पडली. तुमचं करापूर्वीचं मार्जिन साधारण ९ टक्के दिसतं, म्हणजे या एका बिलानं वर्षाच्या नफ्यात ९०-९२ हजारांची भर घातली. वर्ष संपलं, नफा पक्का झाला. आता रोख बघा. या मालाचं कास्टिंग २५ जानेवारीला फाउंड्रीतून आलं आणि ४५ दिवसांनी, ११ मार्चला, तुम्ही त्याचे पैसे देऊन टाकले. मशिनवर काम करणाऱ्या पोरांचा फेब्रुवारीचा पगार ७ मार्चला झाला, मार्चचा ७ एप्रिलला. माल ग्राहकाच्या गेटवर गेला, त्यांच्या क्वालिटीवाल्यांनी सवडीनं तपासला आणि जीआरएन, म्हणजे माल मिळाल्याची त्यांची नोंद, पडली ६ एप्रिलला. तुमचे ७५ दिवस ते तिथून मोजतात. म्हणजे २० जून. त्यांची पेमेंटची तारीख महिन्याची ७ आणि २२, म्हणून पैसे आले २२ जूनला. कास्टिंगचे पैसे तुमच्या खिशातून गेल्यापासून १०३ दिवस झाले.

मधल्या काळात आणखी दोन जण दारात उभे राहून गेले. मार्चच्या बिलांवरचा जीएसटी, त्या महिन्याच्या खरेदीचं इनपुट वजा जाऊन जो उरेल तो, २० एप्रिलपर्यंत जीएसटीचं ३बी विवरणपत्र भरताना रोखीनं द्यावा लागतो. ग्राहकानं तुम्हाला ते १.८० लाख दिलेत की नाही, हे सरकार विचारत नाही. आणि आयकराचा शेवटचा अ‍ॅडव्हान्स हप्ता १५ मार्चलाच गेला. त्यात मार्चअखेर होणाऱ्या बिलांचा अंदाजही धरलेला असतो. म्हणजे जो नफा जूनमध्ये हातात येणार, त्यावरचा कर मार्चमध्ये भरून मोकळे.

नफा-तोटा पत्रक बिलाची तारीख बघतं आणि कॅश फ्लो स्टेटमेंट पैशाची. एकाच बिलाच्या बाबतीत हे तीन महिन्यांचं अंतर आहे. वर्षभरात अशी शेकडो बिलं असतात आणि ३१ मार्चला त्यातली अर्ध्या वाटेवर असलेली सगळी ताळेबंदात येऊन बसतात. विक्री दरवर्षी तेवढीच राहिली तर जुनी बिलं वसूल होतात तेवढीच नवी अडकतात, आणि कुणाला काही जाणवत नाही. विक्री दीडपट झाली की अडकणारी नवी बिलं सुटणाऱ्या जुन्या बिलांपेक्षा मोठी असतात. तुमचं तेच झालंय.

आता तुमचं स्टेटमेंट. मी ते माझ्या पद्धतीनं पुन्हा मांडलंय, सगळे आकडे लाखांत.

करापूर्वीचा नफा: ११०
घसारा परत मिळवला: +४०
व्याज परत मिळवलं, कारण ते खाली वेगळं दाखवायचं असतं: +३०
खेळत्या भांडवलातल्या बदलाआधीची रोख: १८०
ग्राहकांकडची येणी १५५ वरून २९५ झाली: −१४०
स्टॉक ९० वरून १६५ झाला: −७५
पुरवठादारांची देणी ८० वरून १०५ झाली: +२५
भरलेला आयकर: −२८
धंद्यातून आलेली रोख: −३८
दोन व्हीएमसी मशिनं: −७०
मशिनांसाठी नवं टर्म लोन: +५२
जुन्या कर्जांच्या मुद्दलाची फेड: −३०
भरलेलं व्याज: −३०
सीसी १०५ वरून २०० झाली: +९५
वर्षभरातला एकूण बदल: −२१
सुरुवातीची शिल्लक २४, शेवटची शिल्लक ३

बहुतेक मालक शेवटची ओळ बघतात. बँकवाले घसारा मिळवून १८० बघतात आणि खूश होतात. तुम्ही मधली ओळ बघा: धंद्यातून आलेली रोख उणे ३८. वर्षभर मशिनं चालली, १२ कोटींची बिलं झाली, आणि धंदा स्वतः ३८ लाख गिळून बसला. मशिनं, हप्ते, व्याज यासाठी त्यानं एक रुपया दिला नाही. ते सगळं नव्या लोनमधून, सीसीतून आणि जुन्या शिल्लकेतून गेलं.

मशिनांबद्दल एवढंच सांगतो: ७० लाखांच्या खरेदीला ५२ चं लोन, म्हणजे १८ लाख मार्जिन सीसीतून गेलं. सीसी ही माल आणि उधारी फिरवायला असते. तिच्यातून पाच-सात वर्षांनी फिटणाऱ्या मशिनाचे पैसे दिले की ते परत सीसीत यायला तेवढीच वर्षं लागतात. पण तुमच्या ओढाताणीचं मुख्य कारण हे नाही, म्हणून पुढे जाऊ.

खरा प्रश्न त्या १४० आणि ७५ चा आहे. "विक्री वाढली म्हणून उधारी वाढली" असं म्हणून तुमच्या अकाउंटंटनं विषय संपवला असेल. ते अर्धंच खरं आहे, आणि उरलेलं अर्धं शोधायला दिवस मोजावे लागतात.

मागच्या वर्षी विक्री ८००, जीएसटी धरून ९४४. म्हणजे रोजची बिलं २.५९ लाखांची. १५५ लाख येणी म्हणजे ६० दिवसांची विक्री ग्राहकांकडे अडकलेली. यंदा विक्री १२००, जीएसटी धरून १४१६, रोजची ३.८८ लाख. २९५ ला त्यानं भागलं की ७६ दिवस येतात. (हे भागताना विक्रीत जीएसटी धरायला विसरू नका. येण्यांत तो असतो. विसरलात तर दिवस उगाच जास्त दिसतात.)

आता असं समजा की यंदाही वसुली ६० दिवसांतच झाली असती. मग येणी २३३ झाली असती. १५५ वरून २३३ ही ७८ लाखांची वाढ विक्रीनं मागितलेली आहे, तिला इलाज नाही. २३३ वरून २९५ हे ६२ लाख मात्र वाढीनं मागितलेले नाहीत. ते वसुली १६ दिवसांनी ढिली पडल्यामुळे अडकलेत.

स्टॉकला हीच कात्री लावा. मागच्या वर्षी ६८ दिवसांच्या मालखपाएवढा स्टॉक होता, यंदा ८४ दिवसांचा. ६८ वरच राहिला असता तर १३४ झाला असता. म्हणजे ७५ मधले ४४ वाढीचे आणि ३१ फुगवट्याचे. पुरवठादारांकडे चित्र उलटं आहे. त्यांना तुम्ही आधी ५२ दिवसांनी पैसे देत होता, आता ४५ नी देताय. हे तुम्ही मनानं केलेलं नसणार. लघुउद्योगांचे पैसे मुदतीत दिले नाहीत आणि ते वर्षअखेर थकलेले राहिले, तर तो खर्च त्या वर्षी वजावटीला मिळत नाही, अशी तरतूद २०२३-२४ या आर्थिक वर्षापासून आयकरात आली. तुमची फाउंड्री त्यात बसते, म्हणून सीए साहेबांनी तुम्हाला ४५ दिवसांवर आणलं असेल. योग्यच केलं. पण त्या सात दिवसांनी १६ लाखांची सोय गेली.

६२ अधिक ३१ अधिक १६: १०९ लाख. हा आकडा बाजूला लिहून ठेवा आणि स्टेटमेंट परत मांडा, फक्त तिन्ही ठिकाणचे दिवस मागच्या वर्षीचेच ठेवून. १८० मधून ७८ आणि ४४ जातात, पुरवठादारांचे ४१ येतात, कर २८ जातो, आणि धंद्यातून ७१ लाख रोख मिळते. मशिनं, लोन, हप्ते, व्याज जसंच्या तसं धरलं तर ते मिळून ७८ बाहेर जातात. वर्षअखेर बँकेत १७ लाख शिल्लक, आणि सीसी १०५ वरच, जिथे होती तिथे. त्यात दीडपट झालेली विक्रीही आली आणि दोन नवी मशिनंही.

म्हणून "वाढीनं मारलं" हे मी तुमच्या बाबतीत मान्य करणार नाही. वाढ तुम्हाला जेमतेम का होईना झेपत होती. वाढीच्या गडबडीत उधारी आणि माल यांच्यावरची नजर सुटली, ते झेपलं नाही.

यात तुम्ही एकटे नाही. अमेरिकेत डब्ल्यू. टी. ग्रँट नावाची दुकानांची मोठी साखळी होती, हजाराहून जास्त दुकानं. १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धापासून १९७३ पर्यंत ती नफा दाखवत होती, भागधारकांना लाभांश देत होती, आणि शेअरबाजारात तिला चांगला भाव होता. नवी दुकानं धडाक्यानं उघडायची, आणि गिऱ्हाईक खेचायला दुकानाच्याच क्रेडिट कार्डवर लांबच्या हप्त्यांनी माल द्यायचा, असा त्यांचा खाक्या. ऑक्टोबर १९७५ मध्ये तिनं दिवाळखोरीचा अर्ज केला आणि पुढच्या वर्षी दुकानं कायमची बंद झाली. नंतर अभ्यासकांनी तिचे जुने हिशेब काढून कॅश फ्लो मांडला. नफ्याची रेघ सपाट आणि शांत, आणि धंद्यातली रोख त्या काळातल्या बहुतेक वर्षांत उणे. मधलं भगदाड बँकांच्या कर्जानं बुजवलेलं. तेव्हा आजच्यासारखं कॅश फ्लो स्टेटमेंट द्यायची सक्ती नव्हती, त्यामुळे ते एका ओळीत कुणासमोर आलंच नाही. तुमच्यासमोर आलंय. आपल्याकडे कायदा छोट्या कंपन्यांना हे स्टेटमेंट न करण्याची सूट देतो आणि बरेच जण ती आनंदानं घेतात. तुम्ही पुढेही घेऊ नका.

आता ते ६२ लाख. मालक मंडळी वसुलीचा विषय निघाला की "मार्केट टाइट आहे, पार्टी पैसे देत नाही" म्हणतात. माझा तीस वर्षांचा अनुभव असा की ऑटोच्या मोठ्या ग्राहकाकडे अडकलेल्या पैशाला बहुतेक वेळा कागद अडवतो. माझ्या एका क्लायंटचे १९ लाख चाकणच्या एका ग्राहकाकडे पाच महिने पडून होते. मालक दर आठवड्याला पर्चेस मॅनेजरला फोन करायचे, तो "बघतो साहेब" म्हणायचा. शेवटी मी त्यांच्या अकाउंट्समधल्या एका मुलीशी बोललो. तिनं दोन मिनिटांत सांगितलं की कास्टिंगचा भाव वाढल्यावर नवा दर तोंडी कबूल झाला, आमच्या माणसानं नव्या दरानं बिलं लावली, पण त्यांच्या सिस्टिममधल्या पीओत, म्हणजे खरेदीच्या ऑर्डरीत, जुनाच दर होता. दर जुळत नाही म्हणून सगळी बिलं पार्क झाली होती. पीओची सुधारणा निघाली आणि पुढच्या पेमेंटच्या तारखेला १९ लाख एकदम आले. पर्चेस मॅनेजरला ही गोष्ट ठाऊकच नव्हती, आणि मालकानं कधी त्याच्या पलीकडे विचारलं नव्हतं.

तेव्हा एजिंग रिपोर्ट, म्हणजे कोणतं बिल किती दिवस थकलंय त्याची यादी, काढा, ६० दिवसांवरचं प्रत्येक बिल वेगळ्या ओळीवर घ्या आणि पुढे एकाच शब्दात कारण लिहा: जीआरएन नाही, दर जुळत नाही, रिजेक्शनची डेबिट नोट अडली आहे, बिल पोर्टलवर चढवलंच नाही, की खरंच पैसे नाहीत. "फॉलोअप चालू" हे कारण धरायचं नाही. तुमचं काम एवढं वाढलं आणि बिलिंगला माणूस तोच एक असेल, तर निम्म्याहून जास्त ओळी पहिल्या चार कारणांत सापडतील असं मला वाटतं.

स्टॉकच्या ३१ लाखांसाठी रॅकपाशी स्वतः जा. संगणकातला स्टॉक एकूण किमतीत दिसतो, तिथे काही कळत नाही. फाउंड्रीनं किमान ५०० नग घ्यायला लावले म्हणून आणलेले, वापर मात्र महिन्याला ६०, असे पार्ट किती? ग्राहकाचं मॉडेल बंद झालं आणि तयार माल राहिला, असं किती? रिजेक्ट झालेलं, फाउंड्रीला परत पाठवायचं म्हणून कोपऱ्यात लावलेलं कास्टिंग किती? शेवटचं तर निव्वळ विसरलेले पैसे असतात. फाउंड्रीला डेबिट नोट लावून पुढच्या पेमेंटमधून वळते करता येतात. बंद मॉडेलचा माल मात्र नीट बघा. तो विकलाच जाणार नसेल तर त्याची किंमत हिशेबातून कमी करावी लागेल, आणि मग ८२ लाखांचा नफाही तेवढा खाली येईल.

ही ढिलाई बँकेच्या बाजूनं दुसऱ्यांदा कशी बोचते तेही समजून घ्या. सीसीची मंजूर मर्यादा २ कोटी असली तरी दर महिन्याच्या स्टॉक स्टेटमेंटवरून बँक ड्रॉइंग पॉवर काढते, आणि दोन्हीतली जी कमी तेवढेच पैसे वापरता येतात. मार्जिनाचे टक्के प्रत्येकाच्या सँक्शन लेटरमध्ये वेगळे असतात, मी दोन्हीकडे २५ धरतो. स्टॉक १६५ वजा पुरवठादार १०५, उरले ६०, त्याचे ७५ टक्के म्हणजे ४५. येण्यांमधून ९० दिवसांवरची सहसा बाद होतात. तुमच्याकडे ती ४८ आहेत असं धरू. उरलेल्या २४७ चे ७५ टक्के, १८५. एकूण २३०, म्हणजे आज २ कोटींची मर्यादा पूर्ण मिळते. पण आणखी ५० लाखांची बिलं ९० दिवसांच्या पलीकडे सरकली की ड्रॉइंग पॉवर १९३ वर येते. तुम्ही २०० वापरून बसलेले. म्हणजे ग्राहकानं पैसे लांबवले त्याच महिन्यात बँकही ७ लाख परत मागणार. खातं असं मर्यादेबाहेर सलग ९० दिवसांहून जास्त राहिलं तर बँकेला ते एनपीए, म्हणजे थकीत कर्ज, धरावं लागतं, आणि तेव्हा तुमच्या ८२ लाख नफ्याकडे कुणी बघत नाही.

इथे एक सावधगिरीही सांगून ठेवतो, कारण हे स्टेटमेंट सुधारलेलं दाखवणं फार सोपं आहे. ते दोन ३१ मार्चच्या ताळेबंदांतल्या फरकावर उभं असतं. मार्चच्या शेवटच्या आठवड्यात पुरवठादारांचे ३० लाख रोखून धरले तर धंद्यातली रोख ३० नं चांगली दिसते, आणि ५ एप्रिलला ती जाते. दुसरं, बँकेत बिलं डिस्काउंट केलीत आणि ग्राहकानं पैसे दिले नाहीत तर बँक तुमच्याकडून वसूल करणार असेल, तर ते कर्जच आहे. पण येण्यांमधून ती बिलं काढून टाकली तर वसुली झाल्यासारखं दिसतं. ग्रँटचं भगदाड जे कर्ज बुजवत होतं तेच इथे वसुलीच्या कपड्यांत येतं. म्हणून वर्षातून एकदा बघण्यापेक्षा दर महिन्याच्या अखेरीला तीन आकडे काढा: येण्यांचे दिवस, स्टॉकचे दिवस, देण्यांचे दिवस. टॅलीतून दहा मिनिटांचं काम आहे. तुमचे ६० चे ७६ एका रात्रीत झालेले नाहीत. महिन्याला सव्वा-दीड दिवस सरकत गेले असतील, आणि ऑगस्टमध्येच दिसले असते.

आता ३ कोटींचं काम. मार्जिन आणि मालाचं प्रमाण आत्तासारखंच राहील असं धरतो. जीएसटी धरून विक्री ३५४ लाख, त्याचे ९० दिवस म्हणजे ८७ लाख उधारीत. माल १८० चा लागेल, ८४ दिवसांनी ४१ लाख स्टॉकमध्ये. फाउंड्री ४५ दिवसांची उधारी देईल, त्याचे २६ वजा. १०२ लाख या एका कामात कायमचे गुंतणार. वर्षभरात या कामातून घसारा-व्याजाआधी मिळणार साधारण ४५ लाख. म्हणजे पहिल्या वर्षी ५७ लाख बाहेरून आणावे लागतील, आणि वर्ष संपायची वाट बघत बसायची गरज नाही. पहिल्या पाच-सहा महिन्यांतच सगळे १०२ अडकतील आणि तोवर कमाई २० च्या आसपास झालेली असेल. म्हणजे खड्डा ८० लाखांचा. तुमच्याकडे ३ आहेत. नफा-तोटा पत्रकात हे काम सुंदर दिसेल, आणि दिवाळीला बोनसच्या वेळी तुम्ही पुन्हा भावाच्या दारात असाल.

तेच काम ४५ दिवसांच्या उधारीवर घेतलं तर येणी ८७ ऐवजी ४४. गुंतवणूक ५९, वर्षाची कमाई ४५, तूट १४ लाख. हे जमवता येतं. आणि ४५ मागायला तुम्हाला लाजायचं कारण नाही. तुमची उद्यम नोंदणी असेल तर तुम्ही लघुउद्योगात बसता, आणि सूक्ष्म व लघुउद्योगाकडून माल घेणाऱ्याला कायद्यानं ४५ दिवसांपेक्षा जास्त मुदत ठरवताच येत नाही, तुम्ही सही करून मान्य केली तरी. शिवाय मुदत मोजायची ती माल पोचल्यापासून. १५ दिवसांत लेखी हरकत आली नाही तर माल स्वीकारला असंच धरतात. त्यांचा जीआरएन सवडीनं पडला याला तिथे किंमत नाही. जो नियम पाळून तुम्ही फाउंड्रीला पैसे देताय, तोच तुमच्या ग्राहकाला लागू आहे. बिलावर उद्यम नंबर छापा. आत्ताच्या बिलांवर नसेल तर त्यांच्या सिस्टिममध्ये तुम्ही साधे पुरवठादार म्हणून बसलेले असाल.

मला माहीत आहे, भोसरीतला माणूस चाकणच्या मोठ्या ग्राहकावर कायदा घेऊन जात नाही, काम जाईल म्हणून. मग दुसरा रस्ता असा. ग्राहकाची उलाढाल २५० कोटींच्या वर असेल तर त्याला ट्रेड्सवर, म्हणजे लघुउद्योगांची बिलं वटवायच्या ऑनलाइन मंचावर, नोंदणी सक्तीची आहे. त्यानं तिथे तुमचं बिल मान्य केलं की बँका त्यावर बोली लावतात, तुम्हाला व्याज कापून पैसे लगेच मिळतात, आणि ग्राहकानं पुढे बुडवलं तर बँक तुमच्या मागे येत नाही. म्हणून ही खरी वसुली. नोंदणी करूनही बिलं मान्य न करणाऱ्या कंपन्या मी बऱ्याच पाहिल्यात. तेव्हा नोंदणी आहे का एवढं विचारून थांबू नका. "माझी बिलं किती दिवसांत मान्य कराल" ते ऑर्डर घेण्याआधी लेखी घ्या.

तेही नाही जमलं तर दर सोडा. ९० चे ४५ झाल्यानं तुमचे ४३ लाख मोकळे होतात. सीसीचं व्याज १० टक्के धरलं तर वर्षाचे ४.३ लाख, म्हणजे ३ कोटींच्या विक्रीवर जवळपास दीड टक्का. तेवढी सूट दिली तरी व्याजात भरून निघते. मी तर २ टक्क्यांपर्यंत जाईन, कारण तुमच्याकडे १० टक्क्यांनी मिळणारे पैसेच आता शिल्लक नाहीत, सीसी संपलेली आहे. पर्चेसवाल्यापुढे २ टक्के सूट ठेवा आणि अट घाला: ४५ दिवस, माल पोचल्याच्या तारखेपासून. ९० वरच अडून बसला तर ३ कोटींऐवजी १ कोटीचं काम घ्या आणि जुन्या एजिंगमधले ६२ लाख सुटल्यावर बाकीचं बोला.